महालक्ष्मीचा हिशेब: जानेवारी 2025

मंडळी, महालक्ष्मी रेसकोर्सवर आम्ही मेसेजने सुचवलेल्या घोड्यांचे आधी आकडे. सगळे बेट एक युनिटचे, विनचे, रिंगमधल्या भावाने.

जानेवारी: 52 बेट, 14 लागले (एक डेड हीट धरून), 57.2 युनिट परत. नुसत्या भावावर यील्ड +10 टक्के.
नोव्हेंबरपासून: 148 बेट, 37 लागले, 153.9 युनिट परत. यील्ड +4 टक्के.
28 टक्के जीएसटी धरून: जानेवारी −14.1 टक्के, सीझन −18.8 टक्के.

खिशाला लागू पडते ती तिसरी ओळ. 1 ऑक्टोबर 2023 पासून कर नफ्यावर नाही, लावलेल्या पूर्ण रकमेवर बसतो. जानेवारी 2025 मध्ये हजाराच्या बेटाला 1,280 मोजावे लागत आणि परतावा मात्र हजारावर. म्हणजे नुसत्या भावावर +28 टक्के यील्ड आलं असतं तर कुठे बरोबरी. त्यापुढे प्राप्तिकराचे 30 टक्के, आणि त्यात हरलेले बेट वजा करायची सोय नाही. तो कर या पत्रकात धरलेला नाही. तो धरला तर चित्र आणखी वाईट.

आता +10 वर कितपत विसंबायचं? आमच्या बेटांत एका बेटाचं प्रमाण विचलन सुमारे 2.1 युनिट आहे. चारातले तीन बेट शून्य देतात आणि एखादा दहा युनिट, त्यामुळे ते मोठंच राहणार. महिन्याचा हिशेब असा:

```
1.96 × 2.1 ÷ √52 = 0.57
```

म्हणजे जानेवारीचं खरं यील्ड −47 ते +67 टक्के यांत कुठेही असू शकतं. सीझनच्या 148 बेटांवर हा पट्टा −30 ते +38. कर धरला की सीझनचा पट्टा −45 ते +8. शून्य अजून आत आहे, पण अगदी काठाशी. +4 टक्के हे शून्यापेक्षा खरोखर वेगळं आहे असं म्हणायला 10,500 च्या वर बेट लागतील. मुंबई सीझनला 300 च्या हिशेबाने 35 वर्षं. (तोवर महालक्ष्मीच्या ट्रॅकवर काय असेल देव जाणे.)

या महिन्याचा फायदा एकाच घोड्याचा आहे. एकाला नऊ भावाचा तो विजेता काढला तर उरलेले 51 बेट −7.5 टक्के.

दुसरी गोची भावाची. वरचे आकडे मेसेज पाठवला त्या क्षणीच्या भावावर आहेत. तो भाव सगळ्यांना मिळत नाही. पाच-सहा जणांनी उचलला की बुकी चारचा तीन करतो. दहा मिनिटांनंतरच्या भावाने हाच महिना +4 टक्के येतो, करासकट −18.7. तुमचा स्वतःचा हिशेब याच्या जवळ असेल, वरच्या ओळीच्या नाही.

गेट उघडतानाच्या भावाशी तुलना केली तर 29 बेटांत आपला भाव चांगला होता, 14 मध्ये वाईट, 9 मध्ये तोच. सरासरी फायदा 3 टक्के. निकालापेक्षा या आकड्यात गोंधळ कमी असतो, म्हणून आम्ही यील्डआधी हाच बघतो. पण 28 समोर 3 म्हणजे दर्यात खसखस.

1,200 मीटरवर 17 पैकी 7 लागले, म्हणून काहींनी फक्त तेच अंतर खेळायचं सुचवलंय. चाराला एक या दराने 17 मध्ये 7 किंवा जास्त लागणं दहातून एकदा नुसत्या योगायोगाने घडतं. पाच अंतरं चाळली की त्यातलं एखादं तरी असं चमकण्याची शक्यता 40 टक्क्यांच्या आसपास. आम्ही काही बदलत नाही. ट्रेनरनिहाय तक्ताही म्हणूनच देत नाही.

सीझनमधली सर्वांत लांब सलग हार 13 बेटांची, साधारण अपेक्षित तेवढीच. महिन्याच्या ठेवलेल्या रकमेचा पन्नासावा भाग म्हणजे एक युनिट, त्यापेक्षा मोठा बेट लावणाऱ्याला तेराव्या हारीनंतर ‘वसूल’ करायचा मोह होतो. युनिट तेवढंच ठेवा.

टोटवर प्लेसचे 19 बेट, 10 लागले, जाहीर डिव्हिडंडने −6.3 टक्के. 19 वर बोलण्यासारखं काही नाही. घोडा मागे घेतल्याने रद्द झालेले 3 बेट कुठेच मोजलेले नाहीत. डेड हीटला निम्म्या बेटावर पूर्ण भाव धरलाय.

फेब्रुवारीत डर्बी आहे, 2,400 मीटर. ती आमच्या हिशेबात एक बेट म्हणूनच येईल, एक युनिटचा. कोणी दुप्पट लावला तर तो पत्रकात दिसणार नाही. पुढच्या महिन्यापासून दहा मिनिटांनंतरचा भाव वरच्या ओळीत येईल आणि मेसेजचा भाव खाली.