जामिनाची सुनावणी, तालमीची स्क्रिप्ट (जज मी, ज्युनियर तू)

परवाच्या प्रॅक्टिकलच्या आधी मुलांना हे एकदा वाचून दाखवायचं, म्हणजे खुर्चीत बसलेला माणूस मध्येच तोडतो तेव्हा काय होतं ते त्यांना कळेल. वेळ दहा मिनिटं धर. सरकारी वकील म्हणून कोणालाही उभं कर, त्याला दोनच वाक्यं आहेत. आणि तू प्लीज हुशार वकील होऊ नकोस, तीन ठिकाणी चुकायचंय तुला, तसंच लिहिलंय.

फाईल अशी: आरोपी 'क', वय 23, कुरिअरच्या गोडाऊनमध्ये कामाला. 1 तारखेला स्टॉक मोजला तर 12 मोबाईल कमी. 3 तारखेला 'क'ला अटक, 7 पर्यंत पीसीआर म्हणजे पोलीस कोठडी, नंतर एमसीआर म्हणजे न्यायालयीन कोठडी. आज 14. त्याच्या खोलीतून 5 मोबाईल निघाले, दुसरा आरोपी 'ख' त्याच्याकडून 4. तीन अजून गायब. कलम भारतीय न्याय संहिता 306, नोकराने केलेली चोरी, सात वर्षांपर्यंत शिक्षा. 'ख'ला गेल्या आठवड्यात याच कोर्टातून जामीन मिळालाय. आणि 'क'वर दोन वर्षांपूर्वीचा दुचाकी चोरीचा गुन्हा आहे, त्यात तो जामिनावर सुटलेला, ते रिमांड रिपोर्टच्या दुसऱ्या पानावर आहे, पहिल्या पानावर मुद्दाम नाहीये.

पुकारा होतो.

ज्युनियर: मे इट प्लीज युवर ऑनर. मी अर्जदार आरोपीतर्फे हजर आहे. सदर अर्ज सीआरपीसी कलम 437 अन्वये

जज: थांबा. गुन्हा कधीचा आहे?

ज्युनियर: साहेब, या महिन्यातला.

जज: मग सीआरपीसी कुठून आली? 1 जुलै 2024 पासून काय लागू आहे?

ज्युनियर: सॉरी साहेब, नागरिक सुरक्षा संहिता, कलम 480.

जज: अर्जावर बरोबर लिहिलंय, तोंडात जुनंच आहे. चला.

(इथे जरा हस, मुलंही हसतील, पण लगेच पुढे जायचं, कारण खऱ्या कोर्टात तो जज पण चिडत नाही, फक्त पेन खाली ठेवतो.)

ज्युनियर: अर्जदार पूर्णपणे निर्दोष आहे, त्याला या केसमध्ये खोटं गुंतवण्यात आलंय, फिर्यादीत त्याचं नाव नाही, गोडाऊनच्या मालकाने जुन्या पगाराच्या वादातून

जज: मी आज ट्रायल घेतोय का?

ज्युनियर: नाही साहेब.

जज: पगाराचा वाद असल्याचा कागद आहे?

ज्युनियर: ...कागद नाही साहेब. तो मुद्दा मी सोडतो.

जज: सोडा. पाच मोबाईल खोलीत कसे आले ते सांगणार?

ज्युनियर: साहेब, त्याचं उत्तर पुराव्याच्या वेळी देऊ, आत्ता माझा मुद्दा एवढाच की जे जप्त व्हायचं ते त्याच्याकडून जप्त झालंय, पंचनामा झालाय, म्हणजे त्याच्याकडून आणखी कस्टडीची गरज उरत नाही.

जज: तीन मोबाईल कुठायत?

ज्युनियर: पीसीआर चार दिवस होती साहेब, तेवढ्या वेळात पोलिसांना काही मिळालं नाही आणि नंतर वाढीव कोठडी पण मागितली नाही.

जज: (सरकारी वकिलांकडे) मागितली होती?

एपीपी: नाही साहेब. पण तपास चालू आहे.

(इथपर्यंत ज्युनियर बरा चाललाय, आणि नेमकं इथेच त्याला जास्त आत्मविश्वास येतो. तसंच बोल.)

ज्युनियर: साहेब, सुप्रीम कोर्टाने 2014 साली अर्नेश कुमारमध्ये सांगितलंय की सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यात जामीन द्यायलाच हवा.

जज: असं सांगितलंय? जामीन द्यायलाच हवा?

ज्युनियर: म्हणजे... सर्वसाधारणपणे

जज: निकाल वाचलाय की हेडनोट?

ज्युनियर: ...साहेब, तो निकाल अटकेबद्दल आहे. सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यात उगाच अटक करू नका, अटक का गरजेची होती त्याची कारणं नोंदवा, आणि मॅजिस्ट्रेटनेही ती कारणं बघूनच कोठडी द्यावी, असं आहे.

जज: हां. मग इथे कारणं नोंदवलीत का?

ज्युनियर: रिमांड रिपोर्टमध्ये एकच ओळ आहे साहेब, "मुद्देमाल हस्तगत करणे आहे". कलम 35 ची नोटीस देऊन बोलावता आलं असतं का याबद्दल एक शब्द नाही. 2022 च्या सतेंदर कुमार अंतिलमध्ये सांगितलंय की या तरतुदी पाळल्या नाहीत तर आरोपीला त्याचा जामिनासाठी फायदा मिळतो.

जज: आता मुद्द्यावर आलात. अजून?

ज्युनियर: सहआरोपी 'ख'ला याच कोर्टाने जामीन दिलाय, भूमिका सारखीच आहे, त्यामुळे समानतेच्या तत्त्वावर

जज: भूमिका सारखी. 'ख'वर आधी काही गुन्हा होता?

ज्युनियर: नाही साहेब.

जज: आणि तुमच्या अशिलावर?

(इथे थांब. खरंच थांब, तीन-चार सेकंद. मुलांना ती शांतता ऐकू येऊ दे. बहुतेक जण इथे "माझ्या माहितीप्रमाणे नाही" म्हणून मोकळे होतात, आणि त्याला मी शून्य देतो, कारण कागद जजच्या हातात आहे आणि ते त्यांना पण माहीत असतं.)

ज्युनियर: साहेब... आहे. दोन वर्षांपूर्वीचा दुचाकी चोरीचा. रिमांड रिपोर्टच्या दुसऱ्या पानावर आहे.

जज: अर्जात का नाही?

ज्युनियर: अर्जात यायला हवा होता साहेब, राहून गेला, माझी चूक आहे.

जज: मग समानता राहते का?

ज्युनियर: तितकी राहत नाही साहेब, तो मुद्दा मी ताणत नाही. पण तो खटला प्रलंबित आहे, शिक्षा झालेली नाही. कलम 480 चा अडथळा आधी दोषी ठरलेल्याला आहे, नुसता गुन्हा दाखल असलेल्याला नाही. आणि त्या केसमध्ये जामिनावर असताना एकही तारीख चुकवलेली नाही, रोजनाम्याच्या प्रती जोडल्यात, पान 14 ते 19.

(जज पानं उलटतो. बोलत नाही. इथे ज्युनियरनेही बोलायचं नाही, हे सगळ्यात कठीण आहे.)

एपीपी: साहेब, आरोपी भाड्याच्या खोलीत राहतो, पळून जाईल, आणि साक्षीदार त्याच्याच गोडाऊनचे आहेत.

जज: काय म्हणता?

ज्युनियर: गोडाऊनच्या आवारात जाणार नाही, दर सोमवारी पोलीस स्टेशनला हजेरी लावेल, या अटी मान्य आहेत. पत्त्याचं म्हणाल तर आई-वडील त्याच्यासोबतच आहेत साहेब.

जज: जामीनदार कोण?

ज्युनियर: मामा. दुसऱ्या जिल्ह्यात शेती आहे, सातबारा आणलाय.

जज: इथला नाही?

ज्युनियर: इथला नाही साहेब, पण 1978 च्या मोतीरामच्या निकालात दुसऱ्या जिल्ह्यातला जामीनदार म्हणून नाकारणं चुकीचं ठरवलंय. तो अर्जदार गवंडी होता आणि त्याला 10,000 चा जामीनदार मागितला होता. माझ्या अशिलाची पण एवढीच विनंती आहे की रक्कम त्याला पेलेल अशी असावी.

जज: तुमच्या अशिलाचा पगार किती?

ज्युनियर: ...साहेब, ते मी विचारलेलं नाही.

जज: विचारून या. आदेश 4 वाजता.