सुताचं आणि कापडाचं गणित : ५ आठवड्यांचा एकपानी आराखडा
५ जानेवारी ते ८ फेब्रुवारी २०२६. ऑनलाइन चाचणी मंगळवार, १० फेब्रुवारी

हे पान अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या कारखान्यांत माग चालवत कोर्स करणाऱ्या आपल्या संध्याकाळच्या गटासाठी आहे. मॉड्यूलमध्ये ३८ व्हिडिओ आहेत, एकूण साडेअकरा तासांचे. त्यातले २१ ठेवले. गाळलेल्यांत इतिहास, सूतगिरणीतली यंत्रं आणि रंगाई आहे. ते वाईट नाहीत, पण चाचणीत गणितं येतात आणि गणित बघून येत नाही, करून येतं. म्हणून व्हिडिओ जेवढा वेळ पाहाल त्याच्या दुप्पट वेळ वहीला द्या. रोज ४० मिनिटं, पाळी संपल्यावर. रविवारी दीड तास.

आठवडा १ (५ ते ११ जाने.) : सुताचा नंबर. व्हिडिओ ४ ते ९
कापसाच्या सुताचा इंग्रजी नंबर म्हणजे १ पौंडात ८४० यार्डाच्या किती लडी बसतात तो आकडा. २० नंबर म्हणजे पौंडाला १६,८०० यार्ड. टेक्स = ५९०.५ ÷ नंबर, म्हणून २० नंबर सुमारे २९.५ टेक्स.
लक्ष्य : २० गणितं, त्यातली ६ दुहेरी सुताची.
इथे चुकतं ते असं : २० आणि १० नंबरचं सूत एकत्र पिळलं की उत्तर १५ किंवा ३० लिहिलं जातं. नंबर वाढला की सूत बारीक होतं, त्यामुळे नंबरांची बेरीज करायची नाही. १/२० + १/१० करून उलटं करा, ६.६७ येतं. टेक्स मात्र सरळ बेरजेत जातात.

आठवडा २ (१२ ते १८ जाने.) : फणी. व्हिडिओ १४, १५
संक्रांत आणि गड्ड्याची यात्रा याच आठवड्यात, म्हणून दोनच व्हिडिओ. स्टॉकपोर्ट पद्धतीत फणीचा नंबर म्हणजे २ इंचातली घरं. ६० नंबरची फणी असेल आणि घरात २ तार असतील, तर इंचाला ६० तार.
लक्ष्य : ५ गणितं. शिवाय आपल्या मागावरची फणी मोजून नंबर वहीत लिहा.

आठवडा ३ (१९ ते २५ जाने.) : कापडाचं वजन. व्हिडिओ १८ ते २३
हा सगळ्यांत जड आठवडा. या आठवड्यात जादा पाळी घेऊ नका.
जीएसएम = २३.२५ × (ताण्याच्या तार प्रति इंच ÷ ताण्याचा नंबर + बाण्याच्या तार प्रति इंच ÷ बाण्याचा नंबर). प्रत्येक भागाला त्याची आकस मिळवायची.
साधं कापड : ६० × ५२, दोन्ही सुतं २० नंबर. आकस न धरता १३०. ताण्याला ५ टक्के आणि बाण्याला ६ टक्के धरली की १३७.
आकस काढताना भागाकार कापडाच्या लांबीने करा, सुताच्या नव्हे. २० सेंमी कापडातून २१ सेंमी सूत निघालं, तर आकस ५ टक्के.
टॉवेल : जमिनीचा ताणा २४ तार, २/२० सूत (म्हणजे १० नंबर), आकस १० टक्के : ६१.४. पाईलचा ताणा २४ तार, तेच सूत, पण १ मीटर कापडाला ५ मीटर सूत लागतं : २७९. बाणा ४५ तार, १६ नंबर, आकस ५ टक्के : ६८.७. एकूण ४०९. ७५ × १५० सेंमी टॉवेल सुमारे ४६० ग्रॅमचा होतो.
उत्तर १८६ आलं, तर पाईलचा ५ हा गुणक राहिला. चाचणीच्या पर्यायांत हाच चुकीचा आकडा ठेवलेला असू शकतो, सावध राहा.
लक्ष्य : साध्या कापडाची १०, टॉवेलची ८ गणितं. शनिवारपर्यंत टॉवेलची ४ तरी पुस्तक न पाहता सुटली नाहीत, तर पुढचा आठवडा सुरू करू नका. त्यातले ३ दिवस इथेच घाला.

आठवडा ४ (२६ जाने. ते १ फेब्रु.) : मागाचं उत्पादन. व्हिडिओ २६ ते ३०
तासाला मीटर = मिनिटाला पडणाऱ्या तार × ६० × कार्यक्षमता ÷ (प्रति इंच तार × ३९.३७). १६० तार, ८० टक्के, ४८ प्रति इंच : ४.०६ मीटर, ८ तासांत साडेबत्तीस. ८० टक्के म्हणजे ०.८०. थेट ८० घातले तर उत्तर शंभरपट होतं.
लक्ष्य : १२ गणितं. २६ जानेवारीच्या सुट्टीत मागचं राहिलेलं आधी पुरं करा.

आठवडा ५ (२ ते ८ फेब्रु.) : उजळणी. व्हिडिओ ३३, ३४
नवीन काही नाही. वहीतली फक्त चुकलेली गणितं पुन्हा सोडवा. गुरुवारी आणि रविवारी घड्याळ लावून ३० प्रश्न, ४५ मिनिटांत. ३० पैकी २१ च्या खाली गेलात, तर सोमवारी फक्त तिसऱ्या आठवड्याचं पान काढा. चाचणीला साधा कॅल्क्युलेटर आणि कोरे कागद आधीच जवळ ठेवा, वीज गेली तर मोबाइलचं नेट चालू ठेवा.