सोमवारची कामं, चार खान्यांत

धाकट्या, उद्यापासून आठ दिवस मी दुकानात नाही, डोळ्याचं ऑपरेशन झालं की धुळीत बसायचं नाही असं डॉक्टरने दोनदा बजावलंय आणि आपल्याकडे कागदाच्या गठ्ठ्यांची धूळ किती उडते ते तुला वेगळं सांगायला नको. गल्ला तुझ्याकडे, पोरगा आहेच मदतीला. मी आत्ता रात्री बसून सोमवारची कामं लिहून काढली तर सतरा निघाली, आणि यादी वाचल्यावर माझं मलाच हसू आलं. पहिल्या नंबरवर काय, तर शोकेसची काच पुसणे. विजेचं बिल अकराव्या नंबरवर, आणि त्याची शेवटची तारीख उद्याच आहे! जे आधी आठवलं ते वर गेलं, बस. अशी यादी तुला दिली असती तर तू बिचारा वरून खाली करत गेला असतास आणि दुपारपर्यंत काच चकचकीत, दिवे गुल.

म्हणून कागदाला एक उभी आणि एक आडवी घडी घातली, चार खाने पडले. वरच्या ओळीत महत्त्वाचं, खालच्या ओळीत त्यामानाने बिनमहत्त्वाचं. डाव्या बाजूला आजच्या आज हवं ते, उजवीकडे थांबू शकतं ते.

| | आजच हवं | थांबू शकतं |
|---|---|---|
| महत्त्वाचं | छताची गळती, विजेचं बिल, कार्डाचं मशीन, गल्ल्यात सुट्टे, बुधवारच्या चेकसाठी बँकेत भरणा | लांब वह्यांची ऑर्डर, उधारीचे फोन, कॉम्प्युटरचा बॅकअप, पोऱ्याला बिलिंग शिकवणे, आग विझवायचा सिलिंडर बघणे |
| कमी महत्त्वाचं | नवीन पेनांचा सेल्समन, 'आज शेवटचा दिवस' वाले फोन, शेजारच्यांचं पार्सल, ग्रुपवर स्कीमचं उत्तर | काच पुसणे, पेनं रंगाप्रमाणे लावणे, जुन्या किचेनचा डबा |

ही चौकट मी शोधलेली नाही बरं का, आयझेनहॉवरच्या नावाने ओळखतात तिला, तो अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष. १९५४ साली एका भाषणात तो म्हणाला की प्रश्न दोन प्रकारचे असतात, तातडीचे आणि महत्त्वाचे, आणि ते पण त्याने एका माजी कॉलेज प्राचार्याचं म्हणून सांगितलं होतं, स्वतःचं नाही. खाने बिने पुढे दुसऱ्यांनी पाडले. असो, आपल्याला उद्याचा दिवस निघाला पाहिजे.

मधेच नवीन काम आलं, आणि ते येणारच, तर कुठल्या खान्यात टाकायचं ते ठरवायला दोन प्रश्न विचार, पण वेगवेगळे विचार, एकात एक मिसळू नकोस. पहिला, आज नाही केलं तर उद्या केलेलं चालेल का. दुसरा, अजिबात केलंच नाही तर महिन्याभराने दुकानाला काही फरक पडेल का. माझी इतकी वर्षं चूक काय झाली तर मी पहिलाच प्रश्न विचारायचो, तो पण समोरच्याच्या आवाजावरून. जो जोरात बोलला त्याचं काम तातडीचं. तातडी तारखेवरून आणि घड्याळावरून ठरते रे, कोण किती घाई करतोय त्यावरून नाही.

आता पहिला खाना. यातलं सगळंच आज व्हायचंय पण त्यातही क्रम आहे, आणि तो असा की ज्याने नुकसान आत्ता चालू आहे ते आधी. म्हणजे गळती. मागच्या खोलीत कोपऱ्यात थेंब थेंब पडतंय आणि बरोबर त्याच्या खाली कागदाची रिमं आहेत. शटर उघडलं की आधी रिमं उचलून दारापाशी घे, मग बादली लाव, मग प्लंबरला फोन. उलटं करू नकोस, म्हणजे आधी फोन आणि मग त्याची वाट बघत बसलास तर तो येईपर्यंत खालची दोन रिमं भिजलेली असतील, आणि भिजलेला कागद वाळला तरी लाटा येतात, प्रिंटरमध्ये अडकतो, कुणी घेत नाही. हे शटर उघडल्यापासून दहा मिनिटांत. सुट्टे त्यानंतर, कारण पहिलंच गिऱ्हाईक मोठी नोट काढतं हा आपल्या दुकानाचा नियम आहे, सुट्ट्याची पिशवी घरून आणायला विसरू नकोस.

कार्डाचं मशीन शनिवारी संध्याकाळपासून मधेच लटकतंय. एकदा बंद करून चालू कर, तरी नाही ऐकलं तर त्याच्या पाठीमागे मदतीचा नंबर चिकटवलाय तिथे लाव, आणि तोपर्यंत काउंटरवर 'कार्ड चालणार नाही' असा कागद लाव. सामान पिशवीत भरून झाल्यावर सांगितलं की लोक चिडतात, आणि बरोबरच आहे त्यांचं. बिल फोनवरून भर, अकराच्या आत, पावतीचा फोटो काढून ठेव. बँकेचा भरणा बुधवारच्या चेकसाठी आहे, म्हणून वाटेल की मंगळवारी केला तरी चालेल, पण मंगळवारी माल उतरणार आहे आणि तू दुकान सोडू शकणार नाहीस. चेक परत गेला तर बँक दंड लावते तो वेगळा, सप्लायरकडे नाव जातं ते जास्त लागतं. त्यामुळे उद्या साडेअकराला, पोऱ्याला काउंटरवर बसवून, पंधरा मिनिटांत जाऊन ये.

दुसऱ्या खान्याबद्दल जरा जास्त लिहितोय कारण हाच खाना मी वर्षानुवर्षं रिकामा ठेवला. यातलं एकही काम तुझ्याकडे बघून ओरडत नाही. वह्या संपत आल्या तर त्या काही हाक मारत नाहीत, हाक थेट गिऱ्हाईक मारतं आणि आपण म्हणतो संपल्या. मागे परीक्षेच्या तोंडावर काळ्या रिफिली संपल्या तेव्हा चार दिवस मी नाही नाही म्हणत बसलो होतो, आणि लोक रिफिलीला दुसरीकडे गेले ते वह्या पण तिकडूनच घेऊन आले. चूक रिफिली संपल्या त्या दिवसाची नव्हती, आठवडाभर आधी मोजायचा कंटाळा केला तिची होती.

आता हिशेब बघ. लांब वह्या रोज साधारण १२ जातात. ऑर्डर दिल्यापासून माल यायला ५ दिवस, म्हणजे तेवढ्या वेळात ६० विकल्या जाणार. गाडी उशिरा आली किंवा एखाद दिवस जास्त खपल्या तर हाताशी असाव्यात म्हणून तीन दिवसांच्या ३६ धर. साठ आणि छत्तीस, ९६. रॅकवर ९६ उरल्या की ऑर्डर गेलीच पाहिजे. आज रात्री मोजल्या तेव्हा १०४ होत्या. म्हणजे सकाळी हे काम 'थांबू शकतं' मध्ये आहे पण संध्याकाळपर्यंत आठ वह्या गेल्या की ते आपोआप डावीकडे सरकलं. या खान्यातली बरीचशी कामं अशी सरकतात, म्हणून संध्याकाळी शटर ओढायच्या आधी एकदा मोज आणि ऑर्डर देऊनच नीघ.

उधारीचं तसंच. रोज तीन फोन, जास्त नाही, आणि सगळ्यात जुन्या उधारीपासून सुरू कर, मोठ्या रकमेपासून नको, कारण जुनी जितकी शिळी होते तितकी समोरच्याला आठवेनाशी होते. गोड बोल, तारीख विचार, वहीत लिही. बॅकअपचा पेनड्राइव्ह ड्रॉवरमध्ये आहे, कॉपी करून झाला की घरी घेऊन जा, दुकानातच ठेवला तर कॉम्प्युटर आणि तो दोन्ही एकत्रच जाणार. सिलिंडरवरचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे ना बघ, एक मिनिटाचं काम आहे, गेल्या वर्षी मी ते सात महिने पुढे ढकललं.

हे सगळं कधी करायचं, तर दुपारी दोन ते तीन. त्या वेळात गर्दी नसते. 'वेळ मिळाला की करू' म्हणालास तर वेळ मिळत नाही, हे माझ्यावरून घे. पोऱ्याला बिलिंग पण त्याच तासात शिकव, रोज दहा मिनिटं, खरी बिलं करायला लावून. तो तयार झाला की तिसरा खाना जवळजवळ सगळा त्याच्याकडे जाईल.

तिसरा खाना हाच खरा फसवा. सेल्समन येईल, बॅग उघडून काउंटरवर पसरेल, म्हणेल साहेब पाचच मिनिटं. त्याला सांग दुकानाची खरेदी गुरुवारी चारनंतर, कार्ड ठेवून जा. फोनवर जो 'आज शेवटचा दिवस' म्हणतो त्याचा शेवटचा दिवस पुढच्या महिन्यात परत येतो. शेजारच्यांचं पार्सल पोऱ्याने घ्यायचं, सही त्याचीच, ठेवायची जागा टेबलाखाली. ग्रुपवरचं उत्तर रात्री, नाहीतर नाहीच.

यात गिऱ्हाईक कुठे असं विचारशील. गिऱ्हाईक खान्यात नाही, ते आलं की हातातलं काम ठेवायचं (रिमं सोडून). पण त्याने मागितलेली एखादी भलतीच वस्तू, म्हणजे अमुक रंगाचीच फाईल, तिच्यासाठी भर गर्दीत माळ्यावर चढायचं नाही, नंबर लिहून घे आणि दुपारच्या तासात शोध.

चौथ्या खान्याबद्दल मी काय बोलणार, पेनं रंगाप्रमाणे लावायचा छंद माझाच आहे. डोकं तापलं की मी तेच करत बसतो आणि काम केल्यासारखं वाटतं. तुला करायचं तर रात्री कर, नाही केलंस तरी मी विचारणार नाही. काच मात्र पोऱ्याला सकाळी एक हात मारू दे.

रात्री हिशेब झाला की कोऱ्या कागदावर परत चार खाने काढ, आजच्याच कागदावर खाडाखोड करू नकोस. राहिलेलं प्रत्येक काम नव्याने ते दोन प्रश्न विचारूनच टाक. मंगळवारी माल उतरवणं पहिल्या खान्यात येणार, तेव्हा तिथलं काहीतरी बाहेर काढावं लागेल, पाचच्या वर गेलं तर समज तू आवाज ऐकून टाकतोयस. मला फोन साडेआठला, आणि पहिल्या खान्यात काय राहिलं तेवढंच सांग, बाकी मला ऐकायचं नाही.

आणि हो, बादली मागच्या खोलीच्या दाराआड आहे, निळी घे, लाल तळाला फुटलीये.