निळे डाग

गुरुजींनी पाठकोऱ्या कागदावर यादी लिहून दिली. गादी, उशी, चादर, छत्री, चपला, काठी, तांब्या-भांडं. खाली एक ओळ : ‘नित्य वापरातील वस्तू, यथाशक्ती.’ वर्षश्राद्धाला अकरा दिवस होते. इंदूबाईंनी यादी दोनदा वाचली आणि सुनेला म्हणाल्या, “तेल राहिलं.”

“कसलं तेल?”

“ह्यांचं डोक्याचं.”

नीता गप्प झाली. तपकिरी काचेची, पाव लिटरची, बिनलेबलची ती बाटली दिवाळीच्या साफसफाईत तिनेच भंगारवाल्याला दिली होती. जुन्या काढ्याची असेल, असं वाटलं होतं तिला. इंदूबाईंनी तेव्हाही काही म्हटलं नव्हतं, आताही नाही.

तेल कुठून येतं, हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. महापालिकेच्या पाणीपुरवठ्यातून निवृत्त झाल्यावर हे दर महिन्याला पेन्शन काढायला बँकेत जायचे. येताना पिशवीत कोथिंबीर, वर्तमानपत्राची रद्दी बांधायची सुतळी, असलं काहीबाही असायचं, आणि भरलेली बाटली. आता हाताशी उरला होता एक अभ्रा. न धुतलेला, प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून ठेवलेला.

पहिल्या दिवशी त्या कोपऱ्यावरच्या जनरल स्टोअर्समध्ये गेल्या. मुलाने काउंटरवर नऊ बाटल्या मांडल्या. हिरवी, लाल, आवळा, बदाम, थंडावा देणारी. इंदूबाई एकेक झाकण उघडून हुंगत गेल्या. चौथ्या बाटलीनंतर सगळ्यांचा वास सारखाच येऊ लागला.

“आजी, मागे वाचा ना, काय काय घातलंय ते लिहिलंय,” मुलगा म्हणाला. त्यानेच वाचून दाखवलं. वनस्पतींची नावं अगदी बारीक प्रमाणात होती, आणि नऊपैकी सहा बाटल्यांत तेल म्हणून लाइट लिक्विड पॅराफिन होतं.

“हे कशाचं?”

“पेट्रोलियमचं. वास नाही, चिकटपणा नाही, खराब होत नाही.”

दुसऱ्या दिवशी तुळशीबाग. तिथे चार दुकानं झाली. एका दुकानदाराने खोबरेलात मुरवलेलं माक्याचं तेल दाखवलं. इंदूबाईंनी विचारलं, “थंडीत गोठतं का?”

“खोबरेल आहे, गोठणारच. २४ अंशांच्या खाली उतरलं की घट्ट.”

“मग नाही.” डिसेंबरच्या पहाटेही ह्यांनी बाटली कधी गरम पाण्यात धरली नव्हती. स्वतःची खोबरेलाची बाटली मात्र त्या रोज धरायच्या, आणि हे शेजारी उभं राहून ऐटीत आपलं तेल हातावर ओतून घ्यायचे.

तरी त्यांनी चारही दुकानांतून थोडंथोडं तेल मागून घेतलं. ते जरा अवघड गेलं. गिऱ्हाईक घेणार काही नाही आणि नमुना मागतं, हे कुणाला आवडेल? पण पंच्याहत्तरीच्या बाईला कोण नाही म्हणणार, एवढा हिशेब त्यांनी केला होता.

रविवार पेठेतल्या अत्तराच्या दुकानात मात्र त्यांची पद्धतच चुकीची ठरली. गल्ल्यावरचे म्हातारे चाचा आधी काहीच न बोलता अभ्रा नाकाशी धरून बसले. मग म्हणाले, “तुम्ही बाटलीतला वास याच्याशी ताडून बघताय? नाही जमायचं, आजी. बाटली उघडली की आधी येतो तो हलका वास. लिंबाचा म्हणा, संत्र्याचा म्हणा. तो अर्ध्या-एक तासात उडतो. कापडावर वर्षभर राहतो तो जड वास. तेल कापसावर घ्या, डबीत बंद करा, दुसऱ्या दिवशी हुंगा. एका वेळी तीनच. मधेमधे स्वतःच्या पदराचा वास घ्या, नाक धुतल्यासारखं होतं.”

“यात काय आहे, ते कळतं का?”

चाचांनी परत हुंगलं. “जटामांसी आहे. मातकट, जरा ओलसर, घरातल्या जुन्या पेटीसारखी. वाळाही असावा. आणि तेल खवट झालंय.”

इंदूबाईंना राग आला. चाचा हसले. “वाईट नाही सांगत. खवट झालं म्हणजे झाडाचं तेल आहे, बीचं. पॅराफिन वर्षाने काय, पाच वर्षांनीही खवट होत नाही. तुमची अर्धी दुकानं इथेच कमी झाली बघा.”

त्या संध्याकाळी इंदूबाईंनी चटणीच्या सात छोट्या स्टीलच्या डब्या काढल्या, प्रत्येकीवर चिकटपट्टी लावून पेनाने लिहिलं. तुळशीबाग १, तुळशीबाग २, मंडईमागचा. नातवाला हात लावू दिला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या आधी (चहानंतर नाक बिघडतं, हे त्यांचं त्यांनाच कळलं) तीन उघडल्या, दुपारी तीन, संध्याकाळी एक. एकही नाही. ‘मंडईमागचा’ जवळ होता, पण त्यात कापूर होता, आणि ह्यांना कापराने शिंका यायच्या.

आठ दिवस उरले असताना त्या बोहरी आळीच्या पुढे एका काष्ठौषधीच्या दुकानात पोचल्या. पोती, पोत्यांवर पत्र्याची झाकणं, आणि इतके वास एकदम की नाकाचा उपयोगच नाही. इंदूबाईंनी अभ्रा बाहेर काढलाच नाही. नुसतं सांगितलं : तिळाचं असावं, जटामांसी, वाळा, रंग लालसर.

“लाल म्हणजे माक्याचं नाही. माका काळपट हिरवा. जास्वंदीनेही एवढा येत नाही,” दुकानदार म्हणाला. “धुतल्यावर डाग कसा पडायचा?”

वीस वर्षं अभ्रे धुणाऱ्या बाईला हे पहिल्यांदाच कुणी विचारलं होतं. “निळा,” त्या म्हणाल्या. “आधी लाल असायचा. सोड्याच्या पाण्यात टाकला की जांभळा-निळा. मी म्हणायची, ही शाई सांडतात की काय उशीवर! कितीदा बोलले.”

दुकानदाराने मागच्या पोत्यातून मुळ्यांचे काळपट लाल, पापुद्रे सुटणारे तुकडे काढले. “रतनजोत. तेलात टाकली की लाल रंग सोडते, पाण्यात सोडत नाही. आणि सोडा, चुना लागला की तोच रंग निळा होतो.” त्याने बोटावर तेल घेऊन मुळी चोळली, बोट लाल झालं. शेजारच्या पानवाल्याकडून चुन्याचं बोट आणून वर टेकवलं. बोट निळं. इंदूबाई बघतच राहिल्या.

“पण बाटल्यांत भरून येणारं नाही हे. कुणीतरी करून देत असणार. गंज पेठेत घाण्यावर विचारा.”

घाण्याच्या दुकानात तिळाची पेंड, शेंगदाण्याची पेंड आणि मागे शेगडीवर मोठी लोखंडी कढई. पन्नाशीचा माणूस पळीने तेल ढवळत होता. इंदूबाई उंबऱ्याशीच थांबल्या. वास आला, पण अख्खा नाही.

“बसा मावशी. आत्ता सोडून येता येणार नाही,” तो म्हणाला. “तिसरा दिवस आहे.”

एक लिटर तिळाचं तेल, चार लिटर माक्याचा रस, पाव किलो वाटलेल्या मुळ्या, त्याने ढवळता ढवळता सांगितलं. मंद आचेवर, तीन दिवस. घाई केली तर रस आटायच्या आधी बुडाचा कल्क करपतो आणि सगळ्या तेलाला जळका वास लागतो. लवकर उतरवलं तर पाणी राहतं आणि तेल महिन्याभरात बिघडतं. त्याने कढईतला कल्क चिमटीत घेऊन वळला. त्याची वात झाली. ती शेगडीच्या आचेत धरली. चर्र आवाज झाला.

“अजून पाणी आहे. आवाज न होता पेटली की झालं.”

“यात रतनजोत?”

“ती शेवटी. उतरवल्यावर, फडक्यात बांधून, कोमट तेलात. कढवली तर लाल राहत नाही, विटकरी होते.” मग तो थांबला. “तुम्हाला कोणी पाठवलं?”

इंदूबाईंनी पिशवीची गाठ सोडली. त्याने अभ्रा हुंगला नाही, नुसता उलगडून डागाकडे पाहिलं.

“पाणीपुरवठ्यातले काका?”

इंदूबाईंनी मान हलवली.

“दर महिन्याच्या दोन-तीन तारखेला यायचे. तपकिरी बाटली घेऊन. वर्ष झालं, आले नाहीत.”

“वर्षच झालं,” इंदूबाई म्हणाल्या.

त्याने आच कमी केली, हात पुसले आणि खिळ्याला अडकवलेली वही काढली. एका पानावर लिहिलेलं होतं : ‘पा. पु. काका : दु. र.’

“दुप्पट रतनजोत. आम्ही लिटरला दहा ग्रॅम घालतो, ते वीस घालायला लावायचे. मी कितीदा सांगितलं, काका, ही काय मेंदी आहे? पांढऱ्या केसाला धरत नाही. अभ्रे तेवढे रंगतील, काकू ओरडतील. तर म्हणायचे, तू घाल. उन्हात थोडा फरक दिसतो.”

इंदूबाई काही बोलल्या नाहीत. रविवारी सकाळी नहाण झालं की हे गॅलरीत, नेमके उन्हाच्या पट्ट्यात येऊन उभे राहायचे, डोकं खाली वाकवायचे आणि विचारायचे, “बघ गं जरा, काय दिसतंय?”

“कोंडा,” त्या म्हणायच्या. दर रविवारी.

“मावशी, पाणी देऊ का?”

“नको.” त्यांनी पदराने नाक पुसलं. “कालचं तयार असेल ना थोडं? रतनजोतीशिवायचं?”

होतं. त्याने पाव लिटर पातेलीत मोजून घेतलं, बोट सोसेल इतपत कोमट केलं. ताजव्यात मुळ्या टाकल्या. “पाव लिटरला अडीच ग्रॅम,” तो म्हणाला आणि त्यांच्याकडे बघून थांबला. “पाच?”

“पाच.”

त्याने मुळ्या मलमलच्या चिंधीत बांधून पातेलीत सोडल्या. वीस-पंचवीस मिनिटं लागतील, म्हणाला. इंदूबाईंनी स्टूल पातेलीजवळ ओढून घेतलं. आधी पुरचुंडीभोवती एक लाल रेघ सुटली, मग दुसरी.

“बाटली आणलीय का?”

“नाही. दोन द्या तुमच्याकडच्या. अर्धं यात, अर्धं त्यात. एक दानाला जाईल.” मग जरा वेळाने, “आणि धुण्याचा सोडा इथे कुठे मिळतो?”