विषय: वेबिनारची वेळ नक्की – शनिवार, १४ मार्च २०२६ (न्यू जर्सी सकाळी १०, लंडन दुपारी २, दुबई संध्याकाळी ६)

सप्रेम नमस्कार,

‘परदेशात राहून भारतातला फ्लॅट विकताना’ या वेबिनारसाठी आपण नाव नोंदवलंत, त्याबद्दल आभार. वेळेबाबत बऱ्याच जणांनी विचारणा केली आहे. अमेरिकेतली घड्याळं कालच, रविवारी ८ मार्चला, एक तास पुढे गेली. ब्रिटनमधली अजून जायची आहेत. त्यामुळे नेहमीचा हिशेब या आठवड्यात चालणार नाही. खालच्या वेळा पक्क्या आहेत, त्याच धराव्यात.

शनिवार, १४ मार्च २०२६

न्यू जर्सी, न्यूयॉर्क: सकाळी १०.०० ते ११.३०
लंडन: दुपारी २.०० ते ३.३०
दुबई, अबू धाबी: संध्याकाळी ६.०० ते ७.३०

पुण्यात तेव्हा संध्याकाळचे ७.३० वाजलेले असतील आणि सत्र रात्री ९ वाजता संपेल. तिन्ही ठिकाणी वार शनिवार आणि तारीख १४ हीच आहे. सुरुवातीच्या वेळेआधी पंधरा मिनिटं लिंक उघडेल. आवाज आणि स्क्रीन तपासायला तेवढा वेळ हाताशी ठेवावा, कारण सत्र ठरलेल्या मिनिटाला सुरू होईल.

चूक नेमकी कुठे होते ते सांगतो. न्यू जर्सीकर हिवाळ्यात भारतीय वेळेतून साडेदहा तास वजा करतात. तसं केलं तर या शनिवारी सकाळचे ९ येतात आणि एक तास रिकाम्या स्क्रीनसमोर बसावं लागतं. कालपासून हा फरक साडेनऊ तासांचा झाला आहे. लंडनच्या वेळेतून पाच तास वजा करण्याची सवय असलेल्यांचंही उत्तर ९ च येईल. लंडन आणि न्यूयॉर्कमधलं अंतर एरवी पाच तासांचं असतं, ते २९ मार्चच्या पहाटेपर्यंत चार तासांचंच राहील. लंडन–पुणे फरक मात्र सध्या हिवाळ्यातलाच, साडेपाच तासांचा आहे. दुबईत घड्याळ वर्षभर बदलत नाही. पुण्याच्या वेळेतून दीड तास वजा करा, काम झालं.

वर वेळांपुढे आम्ही शहरांची नावं दिली आहेत, संक्षेप मुद्दाम टाळले आहेत. ‘आयएसटी’ भारताबरोबर इस्रायल आणि आयर्लंडमध्येही वापरतात आणि न्यू जर्सीत उन्हाळ्याची वेळ चालू असतानाही लोक सवयीने ‘ईएसटी’ लिहितात. कुटुंबात किंवा मित्रांना वेळ कळवताना कृपया शहराचं नाव लिहून कळवा.

कॅलेंडरसाठीची फाईल या मेलला जोडली आहे. ती उघडली की नोंद आपोआप आपल्या स्थानिक वेळेनुसार बसते. फाईलमध्ये वेळ अशी लिहिलेली आहे:

```
DTSTART:20260314T140000Z
DTEND:20260314T153000Z
```

शेवटचा Z म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, जी १४ मार्चला लंडनच्या घड्याळाशी तंतोतंत जुळते. नोंद हाताने करणार असाल तर टाइम झोन निवडताना `America/New_York`, `Europe/London` किंवा `Asia/Dubai` अशी शहराच्या नावाची नोंद निवडा. `GMT-05:00` सारखा नुसता आकडा निवडलात तर घड्याळबदल धरला जात नाही आणि नोंद एक तास चुकते. कंपनीच्या लॅपटॉपवर भारताचा टाइम झोन असेल तर नोंद ७.३० ला दिसेल. ती बरोबर आहे, बदलू नका. कॅलेंडरमध्ये शहराच्या वेळेनुसार १०, २ किंवा ६ याखेरीज दुसरं काही दिसत असेल, तर याच मेलला उत्तर देऊन आपलं शहर आणि दिसणारी वेळ कळवा. सगळं जुळत असेल तर उत्तराची गरज नाही.

ह्यूस्टन किंवा शिकागोला असाल तर सकाळी ९, कॅलिफोर्नियात सकाळी ७. ॲरिझोनात घड्याळ बदलत नाही, पण सध्या तिथली वेळ कॅलिफोर्नियाइतकीच असते, म्हणून तिथेही ७ च. टोरांटोची वेळ न्यूयॉर्कसारखी. सिंगापूरला रात्री १० वाजलेले असतील. सिडनीत मात्र रविवार उजाडून रात्रीचा १ होतो. तिथल्या मंडळींनी जागरण न करता रेकॉर्डिंग पाहावं. ते सोमवारी, १६ मार्चला सर्व नोंदणीधारकांना पाठवू आणि ते सात दिवस उघडं राहील.

दुबईकरांसाठी एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. रमजान चालू असल्याने सत्राची सुरुवात इफ्तारच्या आधीच्या वर्दळीत येते. गाडी चालवताना जोडून घेण्यापेक्षा साडेपाचच्या आत घर गाठा. ज्यांना साडेसहाच्या सुमारास उठावं लागेल, त्यांनी ७ वाजेपर्यंत परतावं. पहिला तास मांडणीचा आहे आणि प्रश्नोत्तरं तुमच्या ७ वाजता सुरू होतात.

पहिल्या तासात तीन विषय घेऊ: अनिवासी विक्रेत्याच्या रकमेतून खरेदीदार किती टीडीएस कापतो आणि कमी कपातीचा दाखला कधी मागावा; दीर्घकालीन नफ्यावरचा १२.५ टक्के कर. आणि एनआरओ खात्यातून पैसे बाहेर नेण्याची आर्थिक वर्षातली दहा लाख डॉलरची मर्यादा. सगळ्यात जास्त पैसा अडकतो तो पहिल्या मुद्द्यावर. दाखला नसेल तर कपात नफ्यावर न होता पूर्ण विक्री किमतीवर होते आणि जादा गेलेली रक्कम विवरणपत्र भरून परताव्यातूनच सोडवावी लागते. सौदा ठरत आला असेल तर हा भाग चुकवू नका.

आपले प्रश्न गुरुवारी, १२ मार्चला पुण्याच्या संध्याकाळी ६ पर्यंत पाठवा. म्हणजे न्यू जर्सीत सकाळी ८.३०, लंडनला दुपारी १२.३०, दुबईत दुपारी ४.३०. फ्लॅट कोणत्या वर्षी घेतला, किती जणांच्या नावावर आहे आणि कर्ज बाकी आहे का, एवढं लिहिलंत तर उत्तर नेमकं देता येईल. पॅन, खाते क्रमांक किंवा कराराची प्रत पाठवू नका. वेबिनारमध्ये प्रश्न सर्वांसमोर वाचले जातात.

आपल्या वतीने कुलमुखत्यारपत्रावर व्यवहार पाहणारे आई-वडील किंवा भावंडं पुण्या-मुंबईत असतील तर त्यांनीही जरूर बसावं. त्यांची नोंदणी वेगळी करा. आपली लिंक वैयक्तिक आहे. दोन ठिकाणी एकच लिंक वापरली तर एक जण बाहेर पडतो.

ज्यांचा आगाऊ कराचा शेवटचा हप्ता देय आहे, त्यांनी वेबिनारची वाट पाहू नये. त्याची मुदत दुसऱ्याच दिवशी, १५ मार्चला संपते आणि तो रविवार आहे. बँकेचं कामकाज लक्षात घेता शुक्रवारपर्यंत भरून टाकलेलं बरं.

पुढचं सत्र शनिवारी, ४ एप्रिलला आहे. नवा आयकर कायदा १ एप्रिलपासून लागू होत असल्याने त्यातले बदल तेव्हा घेऊ. पुण्याची वेळ तीच, ७.३०. न्यू जर्सी सकाळी १० आणि दुबई संध्याकाळी ६ हेही तसंच. फक्त लंडनची वेळ दुपारी ३ होईल, कारण तोवर तिथली घड्याळं पुढे गेलेली असतील. तो ईस्टरचा शनिवार असल्याने बाहेरगावी जाणाऱ्या लंडनकरांनी आताच कळवावं, म्हणजे रेकॉर्डिंगच्या यादीत नाव घालून ठेवतो.

शनिवारी भेटूच.

आपले,
वेबिनार समन्वयक
अनिवासी कर सल्ला विभाग, पुणे कार्यालय
सोमवार, ९ मार्च २०२६