रात्रपाळीतल्या गोळ्या: तुमच्यासाठी वेळापत्रक

तुमच्या चिठ्ठीवर 'सकाळी', 'संध्याकाळी', 'रात्री' असे लिहिले आहे. हे शब्द रात्री झोपणाऱ्या माणसासाठी आहेत. तुम्ही सोमवार ते शुक्रवार रात्री दहाला कामावर चढता, सकाळी सहाला सुटता आणि आठ ते दुपारी तीन झोपता. चिठ्ठी शब्दशः पाळली, तर थायरॉइडची गोळी भर झोपेतून उठून घ्यावी लागेल. म्हणून प्रत्येक गोळीला एकच प्रश्न विचारायचा: ही कशाला बांधलेली आहे? पोटाला, झोपेला की घड्याळाला? खालच्या वेळा तुमच्या डॉक्टरांना दाखवून नक्की केल्या आहेत. गोळ्या तुमच्यासारख्याच असल्या, तरी हा कागद दुसऱ्या कुणाला देऊ नका.

कामाच्या दिवशी

दुपारी ३, जाग आल्यावर: थायरॉक्सिन ५० मायक्रोग्रॅम, साध्या पाण्याबरोबर. नंतर तासभर काही नाही. चहा-कॉफीसुद्धा नाही.

दुपारी ४, पोटभर जेवण: जेवायला बसताना ग्लिमेपिराइड १ मिलिग्रॅम. जेवणाबरोबर मेटफॉर्मिन ५००. त्याच वेळी ॲम्लोडिपिन ५ आणि ॲटोर्वास्टॅटिन १०.

रात्री १:३०, पाळीतली जेवणाची सुट्टी: दुसरी मेटफॉर्मिन जेवणाबरोबर. कॅल्शियमची गोळीही इथेच.

सकाळी सव्वासात, घरी: हलके खाणे. गोळी कोणतीही नाही.

सुट्टीच्या दिवशी

शनिवार-रविवार रात्री तुम्ही दोनच्या सुमारास झोपता आणि नऊला उठता. थायरॉक्सिन उठल्यावर, खाणे दहाला. चारचे जेवण आणि त्याबरोबरच्या चारही गोळ्या हलवायच्या नाहीत. दुसरी मेटफॉर्मिन आणि कॅल्शियम रात्री दहाच्या जेवणाबरोबर.

दुपारचे चार निवडण्याचे कारण सरळ आहे. कामाचा दिवस असो वा सुट्टीचा, त्या वेळी तुम्ही जागे असता आणि जेवता. आठवड्यातून दोनदा दिवस-रात्र उलटी होणाऱ्या माणसाला असा एक तास सापडला, की निम्मे काम झाले.

घड्याळाच्या गोळ्या

बीपीची गोळी झोपताना घेतलेलीच बरी, असे तुम्हाला कुणीतरी सांगितले होते. हा प्रश्न बरीच वर्षे चर्चेत होता. ब्रिटनमध्ये एकवीस हजारांहून अधिक रुग्णांवर 'टाइम' नावाचा अभ्यास झाला आणि त्याचे निष्कर्ष २०२२ साली प्रसिद्ध झाले. गोळी सकाळी घेणारे आणि संध्याकाळी घेणारे यांच्यात हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा अशा कारणाने होणारे मृत्यू यांचे प्रमाण सारखेच निघाले. शिवाय ॲम्लोडिपिन शरीरात फार हळू ओसरते, निम्मे उतरायलाच तीस ते पन्नास तास लागतात. तेव्हा वेळ कोणती यापेक्षा रोज घेतली की नाही, हे महत्त्वाचे.

ॲटोर्वास्टॅटिनचेही तसेच. कोलेस्टेरॉलची गोळी रात्रीच घ्यायची, हा नियम सिमव्हास्टॅटिनसारख्या थोडा वेळ टिकणाऱ्या औषधांमुळे रूढ झाला. तुमची गोळी दिवसाच्या कोणत्याही वेळी चालते.

पोटाच्या गोळ्या

इथे मात्र ढिलाई नको. मेटफॉर्मिन रिकाम्या पोटी घेतली तर मळमळ आणि जुलाब होऊ शकतात, पण एकट्या मेटफॉर्मिनने साखर सहसा धोकादायक उतरत नाही. ग्लिमेपिराइडचे तसे नाही. ती स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, तुम्ही खा अथवा न खा. म्हणून चारचे जेवण हुकले, तर त्या वेळी ग्लिमेपिराइडही नाही. थोड्या उशिराने जेवलात, तर त्या जेवणाबरोबर घ्या. पोटभर जेवण रात्री दीडपर्यंत लांबले, तर त्या दिवसाची ग्लिमेपिराइड सोडून द्या. आणि सकाळी घरी आल्यावर हलके खाऊन ती कधीही घेऊ नका. साखर उतरायला लागेल तेव्हा तुम्ही गाढ झोपेत असाल, घरातले कामावर गेलेले असतील आणि कुणाच्या लक्षातही येणार नाही. तुमच्या सहा गोळ्यांमध्ये मला खरी भीती वाटते ती एवढ्या एका गोष्टीची.

दुसरी अडचण पहाटेची. तीन-चारच्या सुमारास रात्रपाळीत सगळ्यांनाच गळून गेल्यासारखे होते, लक्ष लागत नाही, चिडचिड होते. साखर उतरली तरी साधारण असेच वाटते. फरक ओळखायला घाम, हातांची थरथर, धडधड, अचानक कडकडून भूक या खुणा पाहा. पण नुसत्या अंदाजावर जाऊ नका. ग्लुकोमीटर पिशवीत ठेवा आणि टोचून बघा. ७० मिलिग्रॅमच्या खाली असेल तर यंत्रापासून बाजूला व्हा. सुमारे १५ ग्रॅम साखर, म्हणजे तीन-चार चहाचे चमचे, पाण्यात ढवळून प्या. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. अजून कमीच असेल तर तेवढीच पुन्हा. वर आली, की काहीतरी पोटात टाका, कारण चारला घेतलेल्या ग्लिमेपिराइडचा अंमल अजून चालू असतो. मोजायला यंत्र जवळ नसेल तर आधी साखर प्या. आपल्याला साखर उतरण्याचा त्रास होऊ शकतो आणि साखर कुठे ठेवली आहे, हे पाळीतल्या एका तरी सहकाऱ्याला सांगून ठेवा. गिळता येत नसेल किंवा शुद्ध हरपली असेल, तर तोंडात काही न घालता रुग्णवाहिका बोलवायची, हेही त्याला सांगा.

कामाच्या गडबडीत दीडची सुट्टी पुढे ढकलली गेली, तर मेटफॉर्मिनही पुढे ढकला. सुट्टी मिळालीच नाही, तर ती गोळी सोडा, पण दोन घास तरी खाऊन घ्या.

थायरॉइडची गोळी आणि 'उठणे'

थायरॉक्सिनला लागते रिकामे पोट. सात तास झोपून उठल्यावर ते आपोआप मिळते, मग बाहेर ऊन असो की अंधार. कॅल्शियम, लोह आणि ॲसिडिटीची काही औषधे तिला आतड्यात अडकवून ठेवतात, म्हणून त्यांच्यात किमान चार तास हवेत. तुमचे कॅल्शियम रात्री दीडला ठेवले ते यासाठीच. आधी तुम्ही 'सकाळच्या गोळ्या' म्हणून दोन्ही एकदम घेत होतात. तसे केल्याने थायरॉक्सिनचा बराचसा भाग वाया जातो.

उठणे कशाला म्हणायचे, हेही ठरवून टाकू. अकराला दारावरची घंटा वाजली आणि तुम्ही परत झोपलात, तर ते उठणे नव्हे. शनिवारी आठला झोपून बाराला उठता, तेव्हा गोळी बाराला. सोमवारी नऊला उठता आणि पाळीच्या आधी संध्याकाळी पुन्हा डोळा लागतो, तेव्हा गोळी फक्त नऊची. वेळ अशी सहा-सात तास मागेपुढे झाली म्हणून काळजी करू नका. हे औषध निम्मे व्हायला सुमारे आठवडा लागतो.

वार चुकतो तो इथे

तुमच्या डबीत सात वारांचे सात कप्पे आहेत. मंगळवारच्या पाळीत रात्री दीड वाजता हात कोणत्या कप्प्यात घालायचा? कॅलेंडर म्हणते बुधवार. आपण म्हणायचे मंगळवार. तुमचा मंगळवार दुपारी तीनला उठल्यावर सुरू होतो आणि बुधवारी सकाळी आठला झोपल्यावर संपतो. मधे घेतलेली प्रत्येक गोळी मंगळवारच्या कप्प्यातली.

मोबाइलला हे कळत नाही. दीडचा गजर सोमवार ते शुक्रवार लावलात, तर रविवारी मध्यरात्रीनंतर तो तुम्हाला उगाच हाक मारेल आणि शुक्रवारच्या पाळीत गप्प बसेल. तो मंगळवार ते शनिवार लावा. चारचा गजर रोजचा.

पाळीला नेताना फक्त त्या रात्रीच्या दोन गोळ्या न्या, त्याही पट्टीतून कापून. उन्हात उभ्या गाडीत किंवा गरम यंत्राजवळ ठेवू नका. थायरॉक्सिन तर घराबाहेर नेऊच नका. उष्णता आणि ओल तिला लवकर खराब करतात.

राहून गेली तर

दुप्पट गोळी कोणत्याच बाबतीत नाही. ॲम्लोडिपिन किंवा ॲटोर्वास्टॅटिन विसरलात आणि पहाटे चारच्या आत आठवले, तर घ्या. नंतर आठवले, तर दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळी एकच घ्या. थायरॉक्सिन राहिली आणि जेवल्यावर आठवली, तर ती सकाळी झोपायच्या आधी घेता येते. दीडच्या जेवणाला आणि कॅल्शियमला तोवर सहा तास झालेले असतात. फक्त त्या सकाळी सव्वासातचे खाणे नको, आणि खाल्ल्याशिवाय राहवत नसेल तर गोळी सोडून द्या. मेटफॉर्मिन नंतर एकटी घ्यायची नाही, जेवण गेले की ती गेली.

नवे काही घेण्याआधी

सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांमध्ये दोन औषधे एकत्र असतात. एक गुंगी आणते, दुसरे चोंदलेले नाक मोकळे करताना बीपी वाढवू शकते आणि झोप उडवू शकते. तुम्हाला दोन्ही महागात पडतील. गुंगीची गोळी घ्यावीच लागली तर घरी पोचल्यावर, झोपण्यापूर्वी. पाळीत नाही आणि गाडी चालवत परतायचे असताना तर नाहीच. डॉक्टरांनी कधी लघवी वाढवणारी गोळी दिली, तर तिची जागा दुपारी उठल्यानंतरची आहे. नाहीतर दिवसाची झोप शौचालयाच्या फेऱ्यांत जाईल. पाळीत कॉफी रात्री दोननंतर नको, तिचा निम्मा अंश पाच-एक तासांनंतरही अंगात असतो.

तपासणीला जाताना

पाळी संपवून तसेच प्रयोगशाळेत जाणे सोयीचे असते, पण तुम्ही दीडला जेवलेले असता. सात वाजता ते उपाशीपोट धरता येत नाही, आठ तास पुरे व्हावे लागतात. थायरॉइडच्या तपासणीतले टीएसएच तर रात्री एरवीच वर असते आणि जागरणाने आणखी वाढते. त्यामुळे रक्त रविवारी सकाळी उठल्यावर, त्या दिवसाची थायरॉक्सिन घेण्याआधी द्या. रविवारी प्रयोगशाळा बंद असेल, तर सोमवारी. मागच्या खेपेस टीएसएच जास्त आल्याने गोळी वाढवायची का, असा विचार चालला होता. ते रक्त पाळीनंतर दिले होते आणि त्या काळात कॅल्शियमही सोबतच चालू होते, हे डॉक्टरांना कळवले आहे. या वेळापत्रकावर सहा आठवडे काढून तपासणी पुन्हा होईल, डोस तोवर ५० च.

तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणाऱ्या एचबीएवनसी चाचणीला उपाशी राहावे लागत नाही, ती कधीही चालेल. फॉर्मवर 'रात्रपाळी' आणि शेवटची झोप किती वाजता संपली, एवढे मात्र लिहा.

पुढच्या महिन्यात दिवसपाळी लागली, तर चारची वेळ तुमच्या कामाच्या मधोमध येईल आणि तिथे पोटभर जेवण होणार नाही. तेव्हा ग्लिमेपिराइडची वेळ स्वतःच्या मनाने बदलू नका. पाळी लागल्याचे कळताच नवे तास घेऊन या, बसून पुन्हा मांडू.