सिस्टर, अण्णांचा रिपोर्ट आला

नमस्कार सिस्टर,

सोयाबीन काढताना घोणस चावली म्हणून अण्णांना अंबाजोगाईला स्वाराती रुग्णालयात तुमच्या वॉर्डात ठेवलं होतं, त्यांचा मी मुलगा. रिपोर्ट आला की कळवा म्हणाला होतात. क्रिएटिनिन नॉर्मल आलंय. पायाची सूज उतरलीय, लघवी साफ होतेय. थोडं लंगडतात, पण आपल्या पायानं अंगणात येऊन बसतात. सुट्टी झाली त्या दिवशी तुमची ड्युटी नव्हती, म्हणून बोलायचं राहिलं ते आता लिहितोय.

पहिल्या रात्री तात्या अण्णांना दवाखान्यातून न्यायलाच निघाले होते. आमच्याकडं अजूनही पान लागलं की आधी मारुतीच्या देवळात नेतात. तात्यांचा जीव भावावर आहे, म्हणूनच ते हट्टाला पेटले होते. तुम्ही त्यांना एका शब्दानंही बोलला नाहीत. अण्णांचं रक्त काचेच्या नळीत घेतलं आणि म्हणालात, "तात्या, वीस मिनिटं नळीला हात लावायचा नाही. मग तुम्हीच बघा." वीस मिनिटांनी नळी तिरकी केली तर रक्त पाण्यासारखं इकडून तिकडं वाहिलं. विषामुळं रक्त गोठत नाही, याला उतारा इंजेक्शनचाच, हे तात्यांना तिथं पटलं. आम्ही घरचे सगळे मिळूनही त्यांना थांबवू शकलो नसतो.

नंतर सलाईनमधून इंजेक्शन सुरू झालं तेव्हा तुम्ही पलंगाजवळून हलला नाहीत. खाज येतेय का, थंडी वाजतेय का, दम लागतोय का, पुन्हा पुन्हा विचारत होतात, बीपी बघत होतात. वॉर्ड भरलेला होता आणि बाकीच्या पेशंटकडंही तुम्हालाच बघायचं होतं, हे मी बघत होतो.

लघवी मोजून लिहून ठेवायला सांगितलंत, ते का, हेही समजावलंत. घोणशीचं विष किडनीवर जातं हे कळल्यावर आईनं एकही वेळ चुकवली नाही. नुसतं रडत बसण्यापेक्षा तिच्या हाताला काम मिळालं. आमच्यासाठी ही फार मोठी गोष्ट होती.

दर सहा तासांनी तपासणी चालू होती. शेवटी नळी उलटी केली तरी रक्त जागचं हललं नाही, तेव्हा तुम्ही मुद्दाम तात्यांना हाक मारलीत. ते काही बोलले नाहीत, बाहेर जाऊन त्यांनी डोळे पुसले. आता गावात ज्याला त्याला सांगतात, पान लागलं तर आधी दवाखाना गाठा.

डॉक्टरसाहेबांना आणि वॉर्डातल्या मावशींनाही आमचा नमस्कार सांगा. सोमवारी अण्णांना ओपीडीत दाखवायला आणतोय. तुमची सकाळची ड्युटी असेल तर वॉर्डात येऊन भेटतो. अण्णांना तुमच्याशी स्वतः बोलायचंय.

आपला,
अण्णांचा थोरला मुलगा, केज